मदत हवी आहे: आकलनाच्या पाठात वाचनपूर्व कृतीतच अर्धी तासिका संपते

बागलाणची शिक्षिका
गुरुवारी केंद्रप्रमुख माझा वाचन आकलनाचा पाठ पाहणार आहेत. वाचनपूर्व, वाचनादरम्यान आणि वाचनोत्तर असे तिन्ही टप्पे असलेले टाचण हवे आहे. मागच्या वेळी चित्रावरच्या गप्पांतच वीस मिनिटे गेली. नंतर मुलांनी प्रश्नांची उत्तरे बरोबर लिहिली, पण वही मिटून विचारल्यावर एकालाही काही सांगता येईना. तयार टाचण असल्यास कृपया लवकर द्यावे.

पाटीपेन्सिल
इयत्ता कोणती, पट किती आणि मुख्य म्हणजे उतारा कोणता? उताऱ्यावाचून टाचण कसे देणार?

बागलाणची शिक्षिका
चौथी, पट 31, तासिका 35 मिनिटांची. उतारा वारुळावर मीच लिहिला आहे. पहिल्या परिच्छेदात वाळवीची राणी व कामकरी, दुसऱ्यात वारुळातला ओलावा, तिसऱ्यात ओसाड वारुळात राहायला येणारे प्राणी. नऊ मुले अजून अक्षरे जुळवत वाचतात, हे सांगायचे राहिले.

निवृत्त मुख्याध्यापक
मग दुखणे तेथेच आहे. निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द वाचण्याची अपेक्षा आहे. आधी सर्व कठीण शब्द अर्थांसह फळ्यावर लिहून पाठ करून घ्यावेत आणि गती वाढवावी. आकलन मागोमाग आपोआप येते.

पाटीपेन्सिल
गतीचे त्या नऊ जणांपुरते पटते, सर. सगळे बळ अक्षरे जुळवण्यात गेले की अर्थासाठी काही उरत नाही. परंतु बाकीची बावीस मुले वाचतात आणि तरी त्यांना सांगता येत नाही. ‘टिमणीने गाबडे झुंबले’ हे निरर्थक वाक्य घ्या. ‘टिमणीने काय झुंबले?’ असे विचारले तर कोणीही ‘गाबडे’ लिहील आणि पूर्ण गुण मिळवील. बाईंचे प्रश्न बहुधा याच जातीचे असावेत.

वाचनापूर्वी चित्राऐवजी तीन विधाने द्या: वारूळ साप बांधतो, वाळवी ही मुंगीच असते, वारूळ आतून कोरडे असते. मुलांनी वहीत फक्त बरोबर किंवा चूक अशी खूण करावी. खरे उत्तर अजिबात सांगू नका, कारण ते शोधण्यासाठीच त्यांना वाचायचे आहे. सात मिनिटे पुरतात. मात्र तिन्हींची उत्तरे उताऱ्यात सापडतील, हे आधी पाहून घ्या. शब्द सर्व नकोत; ज्याचा अर्थ उताऱ्यावरून लागणारच नाही असे एक-दोन सांगा.

वाचताना प्रत्येक परिच्छेदाअखेर थांबा. पहिल्यात ‘ती दिवसाला हजारो अंडी घालते’ असे वाक्य असेल, तर ‘ती’ म्हणजे कोण, हे विचारा. राणी, वाळवी आणि वसाहत हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे बरीच मुले ‘वाळवी’ म्हणतील. तेथे स्वतः मागचे वाक्य पुन्हा मोठ्याने वाचून, आपण राणीपर्यंत कसे पोहोचलो ते बोलून दाखवा.

वाचनानंतर त्याच तीन विधानांकडे परत या आणि ज्या वाक्यामुळे मत बदलले ते अधोरेखित करायला सांगा. लेखी प्रश्न एकच: उन्हाळ्यात साप ओसाड वारुळात का शिरत असेल? याचे उत्तर दुसरा व तिसरा परिच्छेद जोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे उतरवून काढता येत नाही.

दुसरीची आई
माझा मुलगा गोष्टी आवडीने ऐकतो, पण स्वतः वाचत नाही. आम्ही रोज झोपताना दोन पाने त्याला वाचून दाखवतो. बाईंनीही तसेच करून पाहावे.

निवृत्त मुख्याध्यापक
प्रश्न वर्गातल्या पाठाचा आहे, ताई. तरी शिक्षकाने उतारा आधी संपूर्ण वाचून दाखवावा, हे मलाही योग्य वाटते. त्या नऊ मुलांना दुसरा आधार कोणता?

पाटीपेन्सिल
संपूर्ण वाचला तर विधानांची उत्तरे आधीच फुटतात. पहिला परिच्छेद आपण वाचावा, पुढचे दोन जोडीने वाचू द्यावेत. अर्थात, जोडीत चांगले वाचणारे मूलच सगळे वाचून टाकते, हा माझाही अनुभव आहे.

बागलाणची शिक्षिका
काल तिसरीच्या वर्गावर करून पाहिले. विधानांना नऊ मिनिटे लागली, ‘ती’च्या प्रश्नावर निम्मा वर्ग वाळवी म्हणाला. सापाच्या विधानावर दोघे अडून बसले: नागपंचमीला आजी वारुळाची पूजा करते, म्हणजे ते नागाचेच. एकाने शेवटचे उत्तर अहिराणीत लिहिले आणि दोन्ही परिच्छेद अचूक जोडले. गुरुवारी असे उत्तर आले तर बरोबर धरावे का?

पाटीपेन्सिल
आकलन तपासत असाल तर बरोबरच धरा. त्या दोघांना मात्र पूजेवरून हटवू नका. वारूळ कोणी बांधले आणि त्यात कोण राहते, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा.

निवृत्त मुख्याध्यापक
तास मराठीचा आहे. उत्तर प्रमाण मराठीत लिहून घेतल्याशिवाय मी गुण दिले नसते.