स्क्वॉटला रनिंग शूज चालतात का?

नवखा८०: ट्रेडमिलसाठी घेतलेल्या जाड, मऊ सोलच्या शूजवरच स्क्वॉट मारतो. ६० किलोला काही वाटत नाही, ८० ला खाली बसलं की टाच डुगडुगते. दोष फॉर्मचा की शूजचा?

लोखंडवाला: आधी शूजची खात्री करून घ्या. ६० किलोवरच ५ रेप्स शूज घालून आणि ५ नुसत्या मोज्यांवर मारा, फरशी निसरडी नसेल तर. मोबाइल मागे जमिनीलगत ठेवून दोन्ही सेट शूट करा. फक्त शूजमध्येच घोटा आत कलत असेल, तर फोमच दबतोय. धावताना पाऊल क्षणभर टेकतं, तेवढा दणका शोषायला तो फोम असतो. स्क्वॉटमध्ये तुमचं आणि बारचं मिळून वजन पूर्ण रेपभर त्यावर असतं. तो सगळीकडे सारखा दबत नाही. आतली कड जास्त दबली की घोटा आत जातो आणि त्याच्यामागे गुडघाही.

पहाटधाव: उगाच बाऊ करताय. रनिंग शूजवर भरपूर लोक स्क्वॉट मारतात. खरा घोळ टाचेच्या उंचीचा आहे. सपाट शूज घ्या, मिटलं.

लोखंडवाला: हलक्या वजनाला फरक जाणवत नाही, हे मान्य. उंचीचं मात्र चुकतंय. वेटलिफ्टिंग शूजची टाच साधारण २ सेंटीमीटर उंच असतेच, पण ती टणक असते, दबत नाही. घोटा आखडलेला असेल तर सपाट शूजमध्ये खोल बसताना टाच उचलली जाईल नाहीतर छाती पुढे पडेल. अशांना उंच टाच फायद्याचीच. दुकानात टाचेच्या बाजूचा सोल अंगठ्याने दाबून बघा. सहज खड्डा पडला तर तो जोड धावण्यासाठीच ठेवा.

सई_के: मी लिफ्टिंग शूज घालूनच ट्रेडमिलवर पळते आणि पिंढऱ्या भरून येतात. म्हणजे तेही शूज वाईटच ना?

लोखंडवाला: ताई, इथे प्रश्न उलटा आहे. तो सोल पावलाबरोबर वाकत नाही, दणकाही शोषत नाही. त्यात पळूच नका.

नवखा८०: आणि डेडलिफ्टला?

लोखंडवाला: तिथे मात्र पातळ, सपाट सोल. सोल जितका जाड तितके तुम्ही बारपासून वर, म्हणजे तेवढं जास्त अंतर ओढायचं. शिवाय उंच टाचेने भार पंजाकडे ढकलला जातो. बार जमिनीवरून सुटताना बोटांवर जोर येत असेल तर कारण बहुधा हेच.

पहाटधाव: स्क्वॉटला एक, डेडलिफ्टला दुसरा, पळायला तिसरा! जिमला जायचं की चपलांचं दुकान टाकायचं?

लोखंडवाला: दोन पुरतात. टणक सपाट सोलवर दोन्ही लिफ्ट होतात, आणि घोटा आखडत असेल तर स्क्वॉटला टाचेखाली पातळ प्लेट ठेवता येते.

पहाटधाव: प्लेटवर उभं राहून ८० किलो? त्यापेक्षा माझा फोम बरा.