अनुभव धागा : सहकाऱ्याच्या कामाची नेमकी दखल घेणारा ई-मेल

केळीपट्टा, रावेर

सहकाऱ्याच्या एखाद्या ठळक कामाबद्दल आपण लिहिलेला किंवा आपल्याला आलेला, त्या कामाचा तपशील सांगणारा ई-मेल कसा होता, त्यात काय साधले आणि काय राहून गेले, याचे अनुभव येथे लिहावेत अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

आमच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये गुणवत्ता तपासणाऱ्या एका ताईंचे सर्व विभागांना ई-मेल पाठवून अभिनंदन करायचे ठरले. कार्यालयात तयार झालेला मसुदा असा होता : ‘आपल्या उत्कृष्ट कामगिरीबद्दल हार्दिक अभिनंदन. आपली निष्ठा व मेहनत सर्वांसाठी प्रेरणादायी आहे. आपल्या हातून असेच कार्य घडत राहो.’ यातील एकही शब्द खोटा नाही. परंतु हाच मजकूर लेखापालांना, वाहनचालकाला किंवा निवृत्त होणाऱ्या कोणालाही पाठवता आला असता. ताईंनी काय केले, ते त्यात कोठेच नव्हते.

प्रत्यक्षात घडले ते असे. मे महिन्यात आखातात गेलेल्या मालाबद्दल खरेदीदाराची तक्रार आली की काही खोक्यांतील केळी वाटेतच पिवळी पडत आहेत. शीतखोलीच्या दारावरील आकडा तर रोज साडेतेरा अंश दाखवत होता, त्यामुळे दोष कंटेनरचा असावा असे सर्वांनी गृहीत धरले होते. ताईंनी खरेदीदाराकडून आलेले फोटो पुन्हा पाहिले आणि पिवळी खोकी नेहमी थप्पीच्या मधल्या थरांतीलच आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मधले एक खोके उघडून केळ्याच्या गरात सळईचा तापमापक खुपसला. खोलीतील हवा साडेतेरा अंश असताना गर एकोणीस अंश होता. खोकी एकाआड एक आडवी-उभी रचल्यामुळे त्यांच्या बाजूंची भोके एकमेकांसमोर येत नव्हती आणि थंड हवा आतपर्यंत पोहोचत नव्हती. कंटेनरचे यंत्र मालाचे तापमान टिकवण्यासाठी असते, गरम माल भरल्यावर तो झटपट थंड करणे त्याच्याकडून होत नाही. त्यानंतर ताईंनी भोके जुळतील अशी रचना करून घेतली आणि मधल्या खोक्यातील गर चौदा अंशांवर आल्याची नोंद वहीत झाल्याशिवाय माल भरायचा नाही, अशी पद्धत लावली.

मी लिहिलेला मजकूर पुढीलप्रमाणे आहे, अद्याप पाठवलेला नाही :

‘विषय : मधल्या थरातील खोक्यांचे तापमान शोधून काढल्याबद्दल गुणवत्ता विभागातील ताईंचे अभिनंदन.

ताई, शीतखोलीचा आकडा बरोबर दिसत असतानाही आपण मधल्या खोक्यातील गराचे तापमान स्वतः मोजलेत आणि हवा आत का पोहोचत नाही, हे खोक्यांच्या रचनेवरून दाखवून दिलेत. आपण लावलेली नोंदवही आता दोन्ही पाळ्यांत ठेवली जाते. या बदलामुळे तक्रारी थांबल्या. आपले मनःपूर्वक अभिनंदन.’

यात काय सुधारावे?

एमआयडीसी, जळगाव

मजकूर चांगला आहे, परंतु त्यात आकडा नाही. मी उत्पादन विभागात आहे आणि माझा नियम साधा आहे : पहिल्याच वाक्यात आकडा द्यावा आणि विशेषणे पूर्णपणे टाळावीत. किती खोकी वाचली, किती रुपयांचे नुकसान टळले, हे लिहिले की मेल आपोआप नेमका होतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दीड हजारांहून अधिक खोकी जातात. त्या हिशेबाने मोठी रक्कम सहज दाखवता येईल.

निवृत्त अधिकारी, बँक, भुसावळ

ताई, मजकुराचा मधला भाग मला फार आवडला, कारण त्यात निर्णयाचा क्षण आहे. आकडा बरोबर दिसत असताना त्यावर विसंबून न राहणे, हेच त्यांचे काम होते. तो क्षण सहसा कागदावर येत नाही, कारण आपण विचारायला गेलो की माणसे संकोचाने ‘विशेष काही नाही, रोजचेच काम आहे’ असे उत्तर देतात. म्हणून ‘आपण काय केले’ असे न विचारता ‘पहिली शंका कशावरून आली’ असे विचारावे, मग हकिगत मिळते.

मात्र ‘या बदलामुळे तक्रारी थांबल्या’ या वाक्याजवळ थांबा. तक्रारी मे महिन्यातल्या आहेत आणि नवी रचना त्यानंतरची. रावेर-यावलमध्ये मे महिन्यात घड बागेतूनच तापलेला येतो. पावसाळा लागल्यावर तो मुळातच कमी तापलेला असतो. तेव्हा तक्रारी थांबण्यात ताईंच्या पद्धतीचा वाटा किती आणि ऋतूचा किती, हे पुढचा उन्हाळा गेल्याशिवाय सांगता येणार नाही. उद्या एखाद्याने हीच शंका भर बैठकीत काढली, तर खऱ्या कामावरही पाणी पडेल. गराचे एकोणीस अंश आणि नंतरचे चौदा अंश ही मोजमापे मात्र कोणीही खोडून काढू शकत नाही. जळगावच्या भाऊंनी सुचवलेली रुपयांची रक्कम मी म्हणूनच टाळेन. प्रत्येक खोके खराब झालेच असते, हे आपल्याला ठाऊक नाही.

माझा एक अनुभव सांगतो. आमच्या शाखेतील रोखपाल बाईंनी, फोन कानाला लावूनच मुदत ठेव मोडायला आलेल्या एका वृद्ध खातेदाराला बोलण्यात गुंतवून ठेवले, त्यांच्या मुलाला बोलावून घेतले आणि फसवणूक टळली. कौतुकाच्या पहिल्या मसुद्यात खातेदाराचे नाव, गाव आणि रक्कम असे सगळेच होते. आम्ही ते तिन्ही तपशील काढले आणि बाईंनी काय पाहिले एवढेच ठेवले : खातेदार प्रत्येक प्रश्नाचे उत्तर फोनवरच्या माणसाला विचारून देत होते. इतर शाखांना उपयोग झाला तो याच वाक्याचा. पाठवण्यापूर्वी मजकूर बाईंना वाचायला दिला, तेव्हा मुलाचा नंबर शिपाईदादांनी शोधून दिला होता, हे त्यांनी सांगितले आणि ते नाव आम्ही जोडले.

नवापूरचे गुरुजी

धागा उपयुक्त आहे. मला आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव सादर करावयाचा आहे. त्यात स्वतःच्या कार्याचे वर्णन कसे लिहावे, याचा नमुना कोणी देऊ शकेल काय? पटसंख्या वाढवली, परसबाग केली, स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी गावातच राहण्याची सोय केली, असे मुद्दे आहेत.

निवृत्त अधिकारी, बँक, भुसावळ

गुरुजी, येथे दुसऱ्याच्या कामाबद्दल लिहिण्याचा विषय चालू आहे. तरीही आपला तिसरा मुद्दा मोलाचा आहे. त्याबद्दल आपल्या केंद्रप्रमुखांनी किंवा सहशिक्षकांनी चार ओळी लिहिल्या, किती मुले थांबली, ती कोणाच्या घरी राहिली, जेवणाचे काय केले हे त्यांत आले, तर प्रस्तावाला जोडता येईल.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, धुळे

आकड्यांबद्दल मला थोडे वेगळे सांगायचे आहे. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असताना माझ्या अभिनंदनाचा मेल आला होता, आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात आकडा होता : त्या महिन्यात सर्वाधिक नमुने मी तपासले. आकडा खरा होता, परंतु मला अभिमान होता तो निराळ्या कामाचा. एकाच वॉर्डातील रुग्णांचे पोटॅशियम वारंवार वाढलेले येत होते. नमुने पाहिल्यावर वरचा द्रव लालसर दिसला, म्हणजे रक्तपेशी फुटल्या होत्या. पेशी फुटल्या की त्यांतील पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात खोटी वाढ दिसते. मी ते नमुने नाकारले, वॉर्डात जाऊन रक्त कसे घेतले जाते ते पाहिले, तेव्हा सिरिंजमधील रक्त सुईतूनच जोराने नळीत ढकलले जात असल्याचे दिसले. सुई काढून, नळीच्या कडेने रक्त हळू सोडण्यास सांगितल्यावर नमुने स्वच्छ येऊ लागले.

मेलमध्ये यातले काहीच नव्हते. नमुने नाकारल्याने माझी संख्या उलट कमीच झाली असणार. आमच्याकडील नव्या मुलांनी तो मेल वाचून एवढेच घेतले की येथे वेगाचे कौतुक होते. म्हणून भाऊ, आकडा हवा हे मान्य आहे, परंतु तो त्या कामाचाच हवा.

एमआयडीसी, जळगाव

ताई, हे पटले. आमच्याकडेही नगांची संख्या लिहिली जाते, बाद होणारा नग यंत्रावरच कोणी थांबवला हे लिहिले जात नाही. तरीही एकही आकडा नसलेला मेल वरिष्ठ वाचतील, असे मला वाटत नाही.

केळीपट्टा, रावेर

सर्वांचे आभार. धुळ्याच्या ताईंच्या अनुभवावरून एक अडचण समोर आली, जी मलाही भेडसावते आहे. तपशील लिहिला की आधी काय चुकत होते, तेही लिहावेच लागते. खोकी आडवी-उभी रचण्याची पद्धत रात्रपाळीच्या मुकादमांनी घालून दिली होती. थप्पी पडू नये म्हणून त्यांनी ती लावली आणि त्या दृष्टीने ती योग्यच होती. मेल सर्वांना गेला, तर ताईंचे कौतुक आणि मुकादमांचा दोष असे वाचले जाईल.

निवृत्त अधिकारी, बँक, भुसावळ

माणूस न लिहिता स्थिती लिहावी. ‘खोक्यांची भोके जुळत नव्हती’ एवढे पुरेसे आहे. कोणी रचली, हे लिहू नये.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, धुळे

अण्णा, लहान जागेत कोणाची पाळी होती हे सर्वांना माहीत असते. नाव गाळल्याने ते लपत नाही. माझ्या मते आडव्या-उभ्या रचनेचे कारण मेलमध्ये यावे, म्हणजे मुकादमांचाही विचार दिसेल. नाहीतर असा मेल सर्वांना न पाठवता ताईंना आणि त्यांच्या वरिष्ठांनाच पाठवावा.

निवृत्त अधिकारी, बँक, भुसावळ

तसे केले तर दुसऱ्या पाळीला काहीच शिकायला मिळणार नाही. येथे आपले मत जुळेलसे वाटत नाही.

खोके भरणी, सावदा

मी दुसऱ्या एका पॅकहाउसमध्ये भरणीवर आहे. आमच्यापैकी बहुतेकांना कार्यालयाचा ई-मेल नाही. असे अभिनंदन झाले की आम्हाला ते चहावाल्याकडून कळते. भरणी सुरू होण्याआधी कोणी ते मोठ्याने वाचून दाखवले तर बरे. आणि थप्पीबद्दल : भोके जुळवून सरळ रचली की थप्पी डुलते, कोपऱ्यांना पट्ट्या आणि आडवे बंध घट्ट लागतात. ते काम कोणी केले, हेही ताईंना विचारा.

केळीपट्टा, रावेर

विचारले. कोपऱ्यांच्या पट्ट्या मुकादमांनीच बसवून घेतल्या, असे ताईंनी लगेच सांगितले. शेवटचा भाग आता असा लिहिला आहे, तो मुकादमांनाही दाखवला आहे :

‘थप्पी स्थिर राहावी म्हणून खोकी आडवी-उभी रचली जात होती; त्या रचनेत हवा आत पोहोचत नाही, हे आपण मोजून दाखवलेत. सरळ रचलेली थप्पी डुलू नये यासाठी रात्रपाळीच्या मुकादमांनी कोपऱ्यांना पट्ट्या बसवल्या. भरणीपूर्वी मधल्या खोक्यातील गर एकोणीस अंश असे, तो आता चौदा अंशांवर आल्याशिवाय माल भरला जात नाही. पुढील मे महिन्यातही हीच नोंदवही पाहून आपण निष्कर्ष काढू.’

मुकादमांनी एकच दुरुस्ती सांगितली : पट्ट्यांची कल्पना दिवसपाळीतील एका भरणी कामगाराची होती. त्याचे नाव उद्या जोडून, भरणी सुरू होण्याआधी वाचून दाखवून, मग मेल पाठवणार आहे.