किराण्याच्या यादीतल्या उभ्या रेघा: तुमचे अनुभव सांगा

महालची सून: दिवाळीआधी सासूबाईंनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहून दिली: बेसन १।, तू.डा. २॥, शें. ॥।, सा. ॥, तेल ५. नवऱ्याने दुकानात पहिलं नाव वाचून सांगितलं, "बेसन अकरा किलो." फराळाचे दिवस, दुकानदारानेही बांधून दिलं. बाकीच्यांसाठी यानं चिठ्ठीच पुढे केली, तर ते आकडे दुकानदाराने बरोबर वाचले. घरी सासूबाई कपाळाला हात लावून, "काऊन रे, सव्वा लिहिलं होतं नं!" तुमच्याकडे असं काय झालंय?

इतवारीकर: तीस वर्षं किराण्याच्या गादीवर चिठ्ठ्या वाचल्या जी. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. आकड्यामागे आली की त्यात मिळवायची: १। सव्वा, १॥ दीड, २॥ अडीच. मराठी १ ला वर गाठ असते, रेघ सरळ असते, म्हणून १। चा अकरा होत नाही. पण लिहिणाऱ्याने इंग्रजी 1 काढला की दोन्ही सारखेच दिसतात. मग मी त्याच चिठ्ठीत दुसरीकडे एक कसा काढलाय ते बघायचो. याहून घातक म्हणजे १ चा 9 आणि ४ चा 8. एका लग्नघरच्या चिठ्ठीत '४ कि. रवा' होता, आमच्या पोऱ्याने आठ किलो तोलला. त्याच चिठ्ठीत खाली ६ आणि ७ साफ मराठी होते. ते आधी पाहिले असते तर चूक टळली असती.

खामल्याची ताई: सोपं आहे, ॥ म्हणजे ५०० ग्रॅम. पाठ करून टाका.

इतवारीकर: ताई, डाळीपुरतं ठीक. 'केळी ॥' लिहिलं तर अर्धा डझन, 'दूध ॥' म्हणजे अर्धा लिटर. रेघ अर्धं सांगते, कशाचं ते जिन्नस सांगतो. आणि त्या 'तेल ५' ला मी हटकलंच असतं. पाच लिटर तेल साडेचार किलोच्या थोडं वर भरतं, आणि सुटं तेल घेणारे किलोनेच मागतात.

बर्डीचा भाडेकरू: डॉक्टरांचं अक्षर तर त्याहून बेकार असतं!

पुण्याहून आलेली: डॉक्टर कुठून आले मध्येच? 😄 माझं ऐका. घरमालकीणबाईंनी यादीत लिहिलं, 'सां. १०'. मी सांबार मसाल्याची दहा पाकिटं घेऊन आले. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दहा म्हणजे दहा रुपयांची, हे त्या दिवशी कळलं. अजून एक पाकीट शिल्लक आहे.

महालची सून: आणि आमचं 'सा. ॥'? दुकानदाराने अर्धा किलो साखर दिली. मला वाटतं साबुदाणा असावा, कारण साखरेचा डबा भरलेला होता.

इतवारीकर: दिवाळीची यादी, फराळाला साखर लागतेच. मी पण साखरच दिली असती.

महालची सून: सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "आता मलेही आठवत नाही."