‘शॉट लिस्ट’ आणि ‘स्टोरीबोर्ड’ : एकच अर्थ की दोन?

शब्दशोधक : लघुपटनिर्मितीवरील एका मार्गदर्शिकेचा मराठी अनुवाद मी सध्या करते आहे. चार-पाच जणांच्या संघाने आधी शॉट लिस्ट करावी आणि गरज असेल तेथे स्टोरीबोर्डही करावा, असे तिच्यात एके ठिकाणी म्हटले आहे. मी या दोन शब्दांसाठी अनुक्रमे ‘चित्रणसूची’ आणि ‘चित्रफलक’ असे प्रतिशब्द योजले होते. परंतु माझ्या संपादकांनी दोन्हींखाली रेघ ओढून ‘एकच गोष्ट दोनदा आली आहे, एक शब्द गाळावा’ असा शेरा दिला. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? आणि या दोन वेगळ्या गोष्टी असतील, तर लहान संघाला कोणती केव्हा लागते, हे जाणकारांनी सांगावे, म्हणजे शब्द ठरवताना माझा गोंधळ होणार नाही.

रेघोटी : आपल्या संपादकांचे म्हणणे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही. कोणकोणते शॉट घ्यायचे हे दोन्हींत सांगितलेले असते. फरक इतकाच की एकात ते शब्दांनी सांगतात आणि दुसऱ्यात चित्रांनी. मी माझ्या लघुपटासाठी सगळ्या चौकटी रेखाटल्या होत्या, त्यामुळे वेगळी यादी करण्याची मला गरजच वाटली नाही. ज्याला रेखाटता येत नाही त्याने यादी करावी आणि ज्याला येते त्याने स्टोरीबोर्ड करावा, असे मला वाटते.

पाठलेखिका : मला हा प्रश्नच नीट कळलेला नाही. आमच्याकडे संगणकावर शिकण्याचे पाठ तयार होतात आणि तेथे स्टोरीबोर्ड म्हणजे सरळसरळ एक तक्ता असतो : एका रकान्यात पडद्यावर दिसणारा मजकूर, दुसऱ्यात निवेदन, तिसऱ्यात चित्रकाराला सूचना. त्यात चित्र एकही नसते. मग ‘चित्रफलक’ हा शब्द त्याला कसा लागू पडेल?

तिपाई : पाठलेखिकाताई, आपल्या क्षेत्रातला अर्थ खरा आहे, पण तो नंतर आलेला आणि विस्तारलेला अर्थ आहे. हा शब्द 1930 च्या दशकाच्या आरंभी वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत रुळला. तेथे कथेची रेखाटने मोठ्या फळ्यावर टाचण्यांनी लावत असत, म्हणजे एखादे चित्र काढून टाकले किंवा इकडचे तिकडे केले तरी सगळ्यांना कथा पुन्हा पहिल्यापासून नजरेखालून घालता येई. त्यातली ‘स्टोरी’ आणि त्यातला ‘बोर्ड’ हे दोन्ही शब्दशः आहेत. कथेचा क्रम हा स्टोरीबोर्डचा प्राण आहे, आणि शॉट लिस्टपासून त्याचे वेगळेपण मुख्यतः येथेच आहे.

रेघोटी यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. दिग्दर्शक पटकथेतल्या प्रसंगाचे तुकडे पाडतो, त्याला आपल्याकडे शॉट डिव्हिजन म्हणतात, आणि या टप्प्यावर यादी व चित्रे खरोखरच एकमेकांची भावंडे असतात. पण चित्रीकरणाच्या दिवशी हातात जी शॉट लिस्ट असते, ती कथेच्या क्रमाने नसते. ती कॅमेरा आणि दिवे हलवण्याच्या क्रमाने लावलेली असते.

उदाहरणासाठी एक प्रसंग घेऊ. टेबलाशी बसलेला एक माणूस पुस्तकाखाली किल्ली लपवतो. एक स्त्री दारातून आत येते, समोर बसते, बोलणे होते. तिला किल्लीचे टोक दिसते. तिच्या हाताचा धक्का लागून पेला कलंडतो, पुस्तक भिजते, तो घाईने पुस्तक उचलतो आणि किल्ली उघडी पडते. याचे 11 शॉट पाडले आहेत असे समजा. त्यांपैकी 1, 4 आणि 6 त्याच्याकडे तोंड करून; 2, 5 आणि 7 तिच्याकडे तोंड करून; 3 दाराचा; 8 आणि 10 टेबलावरच्या वस्तू वरून, जवळून दाखवणारे इन्सर्ट; 9 आणि 11 बाजूने दोघांना धरणारे. म्हणजे शॉट 11, पण कॅमेरा व दिवे यांचे सेटअप फक्त 5. नवीन सेटअपच्या पहिल्या शॉटला, टेक धरून, 40 मिनिटे आणि त्याच सेटअपमधल्या पुढच्या शॉटला 15 मिनिटे लागतात, असा अंदाज धरला, तर कथेच्या क्रमाने गेल्यास प्रत्येक वेळी कॅमेरा उठवावा लागून 440 मिनिटे जातात. सेटअपप्रमाणे लावलेल्या यादीने 290 मिनिटांत काम होते. चार जणांच्या संघात दिवे हलवणारा, ट्रायपॉड उचलणारा आणि पाण्याचा पेला भरणारा माणूस बहुधा एकच असतो, म्हणून ही अडीच तासांची बचत त्याच्यासाठी फार मोठी असते. शॉटचे क्रमांक मात्र मूळचेच ठेवायचे आणि फक्त ओळी वरखाली करायच्या, म्हणजे संकलनाच्या वेळी घोळ होत नाही.

शब्दशोधक : हे फार उपयोगी आहे. म्हणजे यादी कामाच्या क्रमाने आणि स्टोरीबोर्ड कथेच्या क्रमाने. मग लहान संघाला यादी पुरेशी आहे, असे म्हणावे का?

संकलनमेज : मी संकलन करतो, त्यामुळे या दोन्ही कागदांचे परिणाम शेवटी माझ्या मेजावर येतात, आणि ‘पुरेशी’ या शब्दाला माझी हरकत आहे. तिपाई यांच्याच उदाहरणातला आठवा शॉट यादीत कसा लिहिलेला असेल? ‘इन्सर्ट, पुस्तक, किल्लीचे टोक.’ दहावाही जवळजवळ तसाच : ‘इन्सर्ट, पुस्तक, पाणी पसरते.’ एकाच सेटअपमधले म्हणून दोन्ही लागोपाठ घेतले, तर दहाव्यात पुस्तक भिजते आणि त्यानंतर घ्यायच्या नवव्या शॉटमध्ये, जेथे पेला नुकता कलंडतो आहे, तेच पुस्तक कोरडे हवे असते. पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर निभावते, पण मग एकाही शॉटला दुसरा टेक उरत नाही. आठ, नऊ, दहा आणि अकरा या चार चौकटी शेजारी शेजारी रेखाटलेल्या असत्या, तर कोरडे, कोरडे, भिजलेले, भिजलेले हे कोणाच्याही डोळ्यांना आदल्या रात्रीच दिसले असते.

दुसरे म्हणजे नजरेची दिशा. यादीत ‘क्लोजअप, तिची नजर किल्लीवर’ एवढेच असते. ती चौकटीत डावीकडे बघते की उजवीकडे, हे त्या ओळीत नसते. दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे कॅमेरा गेला, तर ते दोघे एकमेकांकडे न बघता एकाच बाजूला बघत असल्यासारखे दिसतात. एकदा माझ्याकडे असे चित्रीकरण आले होते. प्रतिमा उलटी करून पाहिली, पण मागे भिंतीवर अक्षरे असलेला फलक होता, तोही उलटा वाचला जाऊ लागला. शेवटी तो शॉट गाळावा लागला.

तिपाई : पुस्तकाचा मुद्दा मान्य आहे, माझ्याच उदाहरणात माझी चूक निघाली. तरीही, यादीत शेऱ्यासाठी एक रकाना असतो आणि सहायक दिग्दर्शक सावध असेल तर तो तेथे ‘पुस्तक कोरडे’ असे लिहून ठेवतो, हेही नोंदवतो. मी पहिल्या सात शॉटचे स्टोरीबोर्ड करणार नाही. दोन माणसे समोरासमोर बोलत आहेत, ते सगळ्यांना कळते, आणि नट तालमीत उठून खिडकीपाशी गेला तर रेखाटलेल्या चौकटी वाया जातात. शेवटच्या चार शॉटचे मात्र करीन, कारण तेथे तुकडा तुकड्याला चपखल जुळायला हवा आणि पुन्हा घेण्याची सोय नाही. चित्र दिग्दर्शकाच्या डोक्यात आहे पण वस्तू दुसऱ्याने जमवायची आहे, अशा वेळीही मी रेखाटतो. पेला काचेचा की धातूचा, किल्ली केवढी, हे चौकट पाहिल्याशिवाय सामान आणणाऱ्याला कळत नाही.

रेघोटी : आता मलाही माझे एक प्रकरण कबूल केले पाहिजे. मी सगळ्या चौकटी रेखाटल्या होत्या आणि यादी केली नव्हती, हे वर सांगितलेच आहे. एका चौकटीत माणूस डोक्यापासून पायांपर्यंत दिसतो, मागे थोडी भिंत, आणि चित्र फार छान जमले होते. प्रत्यक्षात खोली साडेतीन मीटर रुंद निघाली आणि आमच्याकडे 50 मिलिमीटरची एकच लेन्स होती. आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलो तरी त्याचे पाय चौकटीबाहेरच राहिले.

तिपाई : तसेच होणार होते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, 16:9 चौकटीत, उभा माणूस डोक्यावर-पायाखाली थोडी जागा ठेवून बसवायचा, म्हणजे सुमारे 1.9 मीटर उंची धरायची, तर 50 मिलिमीटरच्या लेन्सला साधारण 4.7 मीटर अंतर लागते. 35 मिलिमीटरला सुमारे 3.3. म्हणजे तुमच्या खोलीत 35 नेही कसेबसेच झाले असते, कारण माणसाच्या मागची भिंत आणि ट्रायपॉडचे पाय यांनाही जागा हवी. पेन्सिलीला भिंत आडवी येत नाही, हा स्टोरीबोर्डचा मोठा दोष आहे. यादीत लेन्सचा रकाना असता आणि तो भरताना तुम्ही खोलीचे माप घेतले असते, तर ही अडचण आधीच कळली असती. मी तर यादीबरोबर खोलीचा वरून पाहिलेला एक साधा नकाशा काढतो आणि त्यावर कॅमेऱ्याच्या जागांना सेटअपचे क्रमांक देतो. लहान संघाला दोनांतले एकच निवडायचे असेल, तर मी यादी आणि हा नकाशा निवडीन.

शब्दशोधक : ज्यांना रेखाटता येत नाही त्यांचे काय? मार्गदर्शिकेत याविषयी एक अक्षरही नाही.

रेघोटी : काड्यांची माणसे काढली तरी चालतात. चौकटीचे प्रमाण मात्र अचूक हवे. चौकटीच्या आतला बाण म्हणजे माणूस कोणीकडे जातो, आणि चौकटीच्या कडेवरचा किंवा बाहेरचा बाण म्हणजे कॅमेरा कोणीकडे जातो, एवढा संकेत पाळला की बाकीच्यांना कळते. नाक नसले तरी चालेल, पण चेहरा कोणत्या बाजूला आहे ते दाखवणारी एक रेघ हवीच.

संकलनमेज : किंवा जागेवर जाऊन, संघातल्याच दोघांना बसवून, फोनने छायाचित्रे घ्यावीत, भिंतीचा प्रश्नही त्यात आपोआप सुटतो. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा 24 ते 28 मिलिमीटरच्या लेन्सइतका रुंद बघतो, म्हणून तुम्ही 50 वापरणार असाल तर छायाचित्राची रुंदी आणि उंची दोन्ही सुमारे निम्म्यावर येतील असे ते कापून पाहावे. नाहीतर रेघोटी यांचाच अनुभव पुन्हा येईल.

पाठलेखिका : मूळ प्रश्न शब्दांचा होता, म्हणून पुन्हा तिकडे वळते. ‘चित्रणसूची’ वाचताना मला पुस्तकाच्या आरंभी येणारी ‘चित्रसूची’ आठवते, आणि ‘चित्रफलक’ म्हटले की रंगवलेला फलक डोळ्यांसमोर येतो. तिपाई यांनी सांगितलेली व्युत्पत्ती पाहता ‘कथाफलक’ अधिक जवळचा वाटतो. शिवाय आमच्या चित्रविरहित तक्त्यालाही तो चालेल.

तिपाई : ‘कथाफलक’ वाचायला बरा आहे, पण चित्रीकरणस्थळी तो कोणी उच्चारणार नाही, तेथे ‘शॉट लिस्ट’ आणि ‘स्टोरीबोर्ड’ हेच शब्द चालतात. ‘चित्रीकरणयादी’ मात्र कृपया वापरू नका, कारण तिचा अर्थ कोणत्या दिवशी कोठे चित्रीकरण आहे याचे वेळापत्रक असाच लावला जाईल.

शब्दशोधक : सर्वांची आभारी आहे. ‘शॉट लिस्ट’ तसाच ठेवते आणि ‘स्टोरीबोर्ड’च्या पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजेच कथाफलक’ असे जोडते. संपादकांना पुस्तक भिजण्याचे उदाहरण कळवले आहे. त्यांचे उत्तर असे आले, की शेऱ्याचा रकाना नीट भरला असता तर दुसऱ्या कागदाची गरज पडली नसती, म्हणून एक शब्द गाळायला अजूनही हरकत नाही. यावर संकलनमेज यांचे काय म्हणणे आहे?