‘कार्यत्वात्’ मधलं ‘कार्य’ म्हणजे नेमकं काय?

विद्यार्थिनी, जळगाव: एम.ए.च्या सेमिनारला न्यायदर्शनाचं ईश्वरानुमान मांडायचंय : ‘क्षित्यादिकं सकर्तृकं, कार्यत्वात्, घटवत्’, म्हणजे पृथ्वी वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्य आहे, घटासारखी. उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीत, पाचव्या स्तबकात, पहिला हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, हाच. मी ‘कार्य’चा अर्थ ‘रचना’ लिहिला आणि शेजारी विल्यम पेलीचं १८०२ चं घड्याळ, म्हणजे रचना दिसली की रचनाकार मानावा हा युक्तिवाद, ठेवला. सर म्हणाले, शब्द पुन्हा तपास. मग काय लिहू?

संस्कृत शिक्षिका, धुळे: ‘परिणाम’ लिही. कारणाशिवाय कार्य नाही, एवढंच त्यात आहे. म्हणजे पेली नव्हे, ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस.

निवृत्त प्राध्यापक, अमळनेर: ताई, पेलीला बाजूला केलंत ते योग्यच. तो चाकांची जुळणी आणि तिचा उद्देश बघतो. नैयायिकाला ओबडधोबड मडकंही पुरतं. आधी नव्हतं, मग झालं, ते कार्य. पण ‘परिणाम’ नको, तो सांख्यांचा शब्द. त्यांच्या मते कार्य कारणात आधीपासून असतं, आणि न्यायाला नेमकं तेच अमान्य.

थॉमसही पुरता जुळत नाही. तो कारणांची साखळी मागे नेऊन पहिल्या कारणाशी थांबतो. इथे साखळीची गरजच नाही. परमाणू नित्य, दोन जुळून झालेलं द्व्यणुक हे कार्य, म्हणून त्यालाही कर्ता हवा. हा ईश्वर कुंभारासारखा निमित्तकारण आहे, माती त्याने निर्माण केलेली नाही. थॉमसचा ईश्वर शून्यातून सृष्टी करतो.

शेतकरी, शिरपूर: सर, आमना वावरमा केळीनं पील आपोआप येस. पण पाणी मी देतो, मग कर्ता मीच ना?

निवृत्त प्राध्यापक, अमळनेर: दादा, अंकुराचा जुना आक्षेप तुम्ही बरोबर काढलात. पण न्यायात कर्ता म्हणजे ज्याला उपादानाचं, म्हणजे वस्तू ज्यातून बनते त्याचं, प्रत्यक्ष ज्ञान आहे, करायची इच्छा आहे आणि प्रयत्न आहे. पिलाच्या आतले परमाणू तुम्हाला कुठे दिसतात? विरोधक म्हणतो, पिलाला कर्ता दिसत नाही, तेव्हा ‘कार्य तिथे कर्ता’ ही व्याप्ती मोडली. नैयायिकाचं उत्तर असं की पील पक्षातच, म्हणजे ज्याला कर्ता आहे हे सिद्ध करायचंय त्यातच येतं, आणि ज्याच्याबद्दल वाद आहे तेच उदाहरण व्याप्तीविरुद्ध उभं करता येत नाही.

संस्कृत शिक्षिका, धुळे: हे फार सोयीचं झालं. बिनशरीराचा कर्ता कुणी पाहिलाय?

निवृत्त प्राध्यापक, अमळनेर: तीच ‘शरीरजन्यत्व’ ही उपाधी, म्हणजे हेतूमागे लपलेली अट. पाहिलेला प्रत्येक कर्ता शरीरानेच घडवतो, पण प्रत्येक कार्य शरीराने घडलेलं नाही, पीलच बघा. ही उपाधी टिकली तर हेतू गळाला. नव्य नैयायिक उलट विचारतात : शरीर नाही म्हणून कर्ताही नाही, याला तर्काचा आधार कोणता? कार्य आणि कर्ता यांच्या व्याप्तीमागे कार्यकारणभाव उभा आहे.

मला मात्र बौद्ध तार्किक धर्मकीर्तींचा घाव जास्त खोल वाटतो. वारूळही मातीचंच, म्हणून ते कुंभाराने केलं असं कुणी म्हणेल का? घट आणि डोंगर दोघांना ‘कार्य’ म्हणता येतं, पण कर्त्याचं अनुमान ज्यावरून होतं ते कार्यपण दोघांत एकच आहे का?

विद्यार्थिनी, जळगाव: मग ‘उत्पन्न वस्तू’ लिहिते.

संस्कृत शिक्षिका, धुळे: मी ‘कार्य’च ठेवलं असतं. ‘उत्पन्न’ म्हटलं की धर्मकीर्तींचा प्रश्न दिसेनासा होतो.