गणिताच्या ट्रिकच्या व्हिडिओला नाव काय द्यावं?

सीताबर्डीचा मास्तर: 97×94 सारखे गुणाकार तोंडी कसे करायचे, याचा व्हिडिओ टाकतोय. ‘कोणताही गुणाकार 2 सेकंदांत’ हे शीर्षक चालेल का? की पद्धत, परीक्षा, उदाहरण सगळं लिहू?

महाल अभ्यासिका: ‘कोणताही’ लिहू नका, सर. गेल्या महिन्यात असाच एक व्हिडिओ पाहिला. त्यात 97×94 होतं: 100 ला 3 कमी, 6 कमी, 97 मधून 6 गेले 91, तीन सख 18, उत्तर 9118. मग सराव पेपरात 88×84 आलं. 12 आणि 16 कमी, म्हणून 72, आणि गुणाकार 192. मी सरळ 72192 लिहून मोकळा. हातचा घ्यायचा असतो हे त्यात सांगितलंच नव्हतं.

गणितवाली ताई: शंभरपेक्षा लहान दोन संख्यांचा गुणाकार पाच अंकी होऊच शकत नाही, चूक तिथेच पकडता येते. 192 मधले 92 ठेवायचे, 1 हातचा 72 मध्ये मिळवायचा: 7392. म्हणून, सर, कोणत्या प्रकारचं उदाहरण सोडवलंय ते शीर्षकातच हवं. मी असं लिहीन: ‘100 जवळचे गुणाकार, हातच्यासह: 88×84 | पोलीस भरती अंकगणित’. ‘निखिलम्’ वर्णनात टाका, पोरं त्या नावाने शोधत नाहीत. आणि 47×63 ला ही पद्धत सोयीची नाही, तेही तिथेच लिहा.

वर्धा रोड: एवढं लांब नाव मोबाईलवर अर्धं कापलं जातं, ताई. 100 अक्षरं चालतात म्हणून सगळी दिसत नाहीत. पोरगं ‘पोलीस भरती गणित ट्रिक’ टाइप करतं, तेच आधी ठेवा. उदाहरणाचं कोण पाहते?

गणितवाली ताई: परीक्षा आधी ठेवा, हे मान्य. पण उदाहरण गाळू नका, सहा-सात अक्षरांचंच तर आहे. बाकीचं वर्णनात वेळेसकट लिहा:

```
0:00 97×94 हातचा नाही
2:10 88×84 हातचा येतो
5:05 103×98 एक मोठी, एक लहान
```

पहिली वेळ 0:00 आणि निदान तीन नोंदी असल्या की यूट्यूब त्यांचे भाग पाडतं. तिसऱ्यात +3 आणि −2, म्हणून 101. मग 10100 मधून 6 वजा, 10094. हा प्रकार हवा असलेला पोरगा थेट तिथे जाईल.

खामला: माझं म्हणणं, ट्रिक शिकवूच नये. पाढे पाठ करायला लावा, राजेहो.

महाल अभ्यासिका: पाढे पाठच आहेत, भाऊ. इथे विषय नावाचा चाललाय.

सीताबर्डीचा मास्तर: ‘कोणताही’ काढतो. पण हेच उदाहरण बँक क्लार्कच्या पूर्वपरीक्षेलाही चालतं, तिथे 20 मिनिटांत 35 प्रश्न असतात. मग दोन्ही परीक्षा लिहू का?

वर्धा रोड: लिहा ना, दुप्पट लोक येतील.

गणितवाली ताई: बँकेच्या पोराला नुसता गुणाकार क्वचितच येतो, त्याला 96.8×93.7 चं अंदाजे उत्तर काढायचं असतं. तसं एक उदाहरण सोडवलं असेल तरच बँकेचं नाव टाका.

सीताबर्डीचा मास्तर: ते नाही सोडवलं. वेगळा व्हिडिओ करू की यातच जोडू, हे बघतो.