‘बायनरी एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ’साठी मराठी शब्द?

ओवी_लेखन: संगणक जाळ्यांवरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. जुन्या, एकाच केबलवर सगळी यंत्रे असलेल्या इथरनेटमध्ये दोन यंत्रे एकाच वेळी बोलून टक्कर झाली की पुन्हा बोलण्याआधी ती जे करतात त्याला मी ‘द्विमान घातांकी माघार’ लिहिले. संपादकांना ‘माघार’ खटकते. लढाई सोडून पळाल्यासारखे वाटते म्हणे. दुसरे काही सुचते का?

गणूमास्तर: ‘दुप्पट थांबा’ म्हणा, सोपे आहे. पहिल्या टकरीनंतर १ घटका थांबायचे, दुसऱ्यानंतर २, मग ४, मग ८. सगळा अर्थ त्यात आला.

तारजोड: मास्तर, दुप्पट होते हे खरे, पण थांबणे नव्हे, थांबण्याचा पल्ला. दोन्ही यंत्रांनी ठरलेलाच वेळ थांबायचे ठरवले तर दोघे बरोबर एकाच क्षणी परत बोलतील आणि पुन्हा आपटतील. म्हणून प्रत्येक यंत्र स्वतःपुरती चिठ्ठी उचलते:

```
0 ≤ r < 2^k,   k = min(n, 10)
```

इथे r म्हणजे चिठ्ठीत आलेला आकडा, n म्हणजे त्या फ्रेमची, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याची, कितवी टक्कर. पहिल्या टकरीनंतर ० किंवा १, दुसऱ्यानंतर ० ते ३, तिसऱ्यानंतर ० ते ७. जो आकडा येईल तितके स्लॉट थांबायचे. दोनच यंत्रे असतील तर पहिल्या चिठ्ठीत पुन्हा आपटण्याची शक्यता निम्मी, त्यानंतरच्या चिठ्ठीत पाव. पाचव्या टकरीनंतरही कोणाला ० येऊ शकतो आणि तो लगेच सुटतो. ‘दुप्पट थांबा’ वाचणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

ओवी_लेखन: स्लॉट म्हणजे किती वेळ? मी ‘क्षण’ लिहिले आहे.

तारजोड: ‘क्षण’ नको, तो ठरीव वेळ आहे: ५१२ बिटे पाठवायला लागतो तेवढा. १० मेगाबिटच्या वेगाला ५१.२ मायक्रोसेकंद, १०० मेगाबिटला त्याचा दहावा भाग. केबलच्या एका टोकाचा सिग्नल दुसऱ्या टोकाला जाऊन टकरीची बातमी परत येईपर्यंतचा वेळ त्यात बसतो. त्यामुळे एकाला ० आणि दुसऱ्याला १ आला, तर दुसऱ्याचा स्लॉट संपण्याआधी पहिल्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. मग तो गप्प राहतो. एका स्लॉटचा फरक पुरतो तो याच कारणाने. मी ‘स्लॉट’च ठेवले असते.

नेटवाली_मीनल: हा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या ऑफिसातल्या स्विचच्या एका पोर्टवर `late collision` चा आकडा वाढतच चालला आहे. बॅकऑफ बिघडला असेल का?

तारजोड: ताई, बॅकऑफचा दोष नाही. पहिली ५१२ बिटे निघून गेल्यावर झालेली ती टक्कर, जी नियमाने व्हायलाच नको. बरीच कार्डे अशी फ्रेम पुन्हा न पाठवता सोडूनच देतात. बहुधा पोर्ट हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचे अशा पद्धतीवर, आणि समोरचे यंत्र दोघांनी एकदम बोलायच्या फुल डुप्लेक्सवर अडकले असेल. फुलवाला ऐकून न घेता मधेच बोलतो. समोरच्या यंत्रावर CRC चुकांचा, म्हणजे मोडून पोचलेल्या फ्रेमांचा, आकडा वाढतोय का बघा. वाढत असेल तर दोन्ही टोके ऑटोवर ठेवा.

गणूमास्तर: पल्ल्याचे पटले. पण पल्ला फुगत गेला म्हणजे सगळ्यांना समान न्याय झाला ना?

तारजोड: उलट. समजा अ आणि ब आपटले, अ ला ० आला, त्याची फ्रेम गेली. अ कडे पुढची फ्रेम तयारच आहे. तिची मोजणी नव्याने सुरू होते, ब ची मात्र चालू राहते. पुन्हा आपटले की अ निवडतो ० ते १ मधून, ब निवडतो ० ते ३ मधून. आठ जोड्यांपैकी पाचांत अ आधी, एकीत ब, दोनांत बरोबरी. पुढच्या फेरीत ब चा पल्ला ० ते ७, म्हणजे सोळातली एकच संधी. जिंकणारा जिंकतच जातो. सोळा प्रयत्न फसले की ब ती फ्रेम टाकून देतो.

शब्दसाधक: म्हणजे हरणाराच मागे मागे सरकतो! मग ‘माघार’ इतकी वाईट नाही. माझी तक्रार ‘द्विमान’वर आहे. द्विमान म्हटले की ०-१ ची अंकपद्धती डोळ्यांपुढे येते. इथे ‘बायनरी’चा मतलब फक्त पाया दोन. ‘दुणावती माघार’ कसे वाटते?

तारजोड: कानाला छान. पण मानकात नावाआधी ‘ट्रंकेटेड’ही आहे, कारण दहाव्या टकरीनंतर पल्ला ० ते १०२३ वरच थांबतो, पुढचे सहा प्रयत्न त्याच पल्ल्यात. ‘दुणावती’मध्ये ती मर्यादा कुठे घालणार?

ओवी_लेखन: ‘छाटीव दुणावती माघार’?

शब्दसाधक: हे वाचून कोणी नेटवर्क शिकेल की बागकाम?

गणूमास्तर: मी अजून ‘थांबा’वरच आहे. ‘दुणावत्या पल्ल्याचा थांबा’ घ्या. लांब आहे, पण खोटे नाही.

ओवी_लेखन: आत्ता मजकुरात ‘दुणावती माघार’ घेते, पहिल्या उल्लेखात १०२३ ची मर्यादा एका वाक्यात सांगते. ‘टक्कर’ मात्र तशीच ठेवते. संपादक तिथे ‘टकराव’ सुचवत होते.

शब्दसाधक: टकराव हिंदीवाल्यांना राहू द्या.